सोसायटीच्या खात्याचा आयएफएससी बदलतो तेव्हा

ठाण्यात घोडबंदर रोडवरील आमच्या सोसायटीचे खाते असलेली बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, तेव्हा खाते क्रमांक तोच राहणार असल्याने सभासदांना काही करावे लागणार नाही, अशी सूचना खजिनदार या नात्याने मीच फलकावर लावली होती. ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून ही तयारी लिहून ठेवत आहे.

फटका विलीनीकरणाच्या दिवशी बसत नाही, तर जुना कोड बंद होतो त्या दिवशी बसतो. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली, पण SYNB ने सुरू होणारे आयएफएससी १ जुलै २०२१ पासून बंद झाले. मधले पंधरा महिने सारे सुरळीत चालल्याने लोक निर्धास्त राहतात. म्हणून सर्वप्रथम बँकेकडून जुना कोड कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे लेखी घ्यावे, आणि खाते क्रमांक बदलणार आहे का, हेही त्याच पत्रात विचारावे.

नवा कोड व्हॉट्सॲपवर आलेल्या संदेशातून उचलू नये. तो बँकेच्या संकेतस्थळावरून किंवा शाखेतून घ्यावा आणि अकरा अक्षरे मोजून पाहावीत: पहिली चार बँकेची, पाचवे नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. पाचव्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाइप झाल्याने कोड नाकारला जातो, हे आमच्याकडे दोनदा घडले.

सभासदांनी जुन्या बेनिफिशिअरीवर विसंबून न राहता नव्या कोडसह ती पुन्हा नोंदवावी, दिसणारे खातेदाराचे नाव तपासावे आणि एक रुपया पाठवून तो पोहोचल्याची खजिनदाराकडून खात्री करून घ्यावी. नव्या बेनिफिशिअरीला पहिल्या चोवीस तासांत अनेक बँका मोठी रक्कम पाठवू देत नाहीत, त्यामुळे पाच तारखेच्या मेंटेनन्ससाठी हे काम चार तारखेच्या रात्री करून भागत नाही.

खरी गफलत स्टँडिंग इन्स्ट्रक्शनमध्ये होते. बेनिफिशिअरी नवी केली तरी आधीची इन्स्ट्रक्शन नोंदवतेवेळचा जुना कोडच वापरत राहू शकते. म्हणून ती स्वतंत्रपणे रद्द करून नवी द्यावी. जुना कोड अजून चालू असताना दोन्ही राहिल्या, तर मेंटेनन्स दोनदा जाते. जुना बंद झाल्यावर मात्र पैसे खात्यातून वजा होतात आणि एनईएफटी परत येऊन पुन्हा जमा होतात. आमच्या एका काकूंनी वजा झाल्याचा एसएमएस पाहून पैसे भरले गेले असे मानले, खाली जमेची नोंद होती ती पासबुक भरल्यावरच दिसली, आणि तोवर त्यांच्या बिलावर व्याज चढले होते. ते आम्ही समितीत ठराव करून माफ केले. म्हणून पहिल्या महिन्यात पाच आणि सहा तारखेचे स्टेटमेंट प्रत्येकाने उघडून पाहावे.

ज्यांचे स्वतःचे खाते विलीन झालेल्या बँकेत आहे, त्यांनी गृहकर्जाचा हप्ता आणि एसआयपी यांचे मॅन्डेट नव्या बँकेत गेले आहे का, हे हप्त्याच्या आठवडाभर आधी विचारावे. जुन्या चेकबुकातून पुढील तारखेचे धनादेश दिले असतील, तर ते बदलून द्यावेत.