डेंग्यूचा ताप उतरायच्या आधीची तयारी

डेंग्यूचं नाव निघालं की घरात पहिला प्रश्न येतो, "प्लेटलेट किती?" तयारीची सुरुवात मात्र तिथून नको. आधी एक वही घ्या आणि ताप कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता चढला ते लिहा, कारण पुढचं सगळं त्या तारखेवरून मोजायचं आहे. समजा, सात वर्षांच्या, वीस किलो वजनाच्या मुलीला सोमवारी संध्याकाळी ताप आला. सोमवार हा पहिला दिवस. गुरुवारपर्यंत ताप चढाच राहील, अंग आणि डोळ्यांच्या मागे दुखेल, खाणं नकोसं होईल. या दिवसांत रक्तात डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाहीच, असं मात्र धरू नका.

घरात थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं आणि फक्त पॅरासिटामॉल ठेवा. डोस वजनावर ठरतो: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये सहा तासांचं अंतर. म्हणजे या मुलीला एका वेळी २०० ते ३०० मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल, तर चार ते सहा मिलिलिटर झाले. पण वेगवेगळ्या बाटल्यांची ताकद वेगळी असते, म्हणून लेबल वाचून डॉक्टरांकडून माप पक्कं करून घ्या. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड आणि ॲस्पिरिन कपाटातून बाजूलाच काढा. ताप लवकर उतरवायला म्हणून ती दिली जातात आणि रक्तस्रावाचा धोका वाढवतात. ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवा. त्याशिवाय पेज, ताक, शहाळ्याचं पाणी घोट-घोट चालू द्या. लघवी कधी झाली तेही वहीत लिहा. मूल सहा तासांत एकदाही गेलं नाही तर दवाखाना गाठायचा.

आता शुक्रवार. सकाळी ताप ९९ वर आला. घरच्यांना हायसं वाटतं, कुणीतरी शाळेचं विचारतं, आणि नेमकी इथूनच खरी राखण सुरू होते. ताप उतरण्याच्या सुमारास, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, काही मुलांच्या केशवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातला पातळ भाग बाहेर पोटात, छातीत जातो आणि आत उरलेलं रक्त घट्ट होतं. हा काळ २४ ते ४८ तासांचा असतो. रिपोर्टमध्ये तो हिमॅटोक्रिटच्या, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के ते सांगणाऱ्या, रकान्यात दिसतो. बऱ्याच लॅब त्याला पीसीव्ही म्हणतात. आपल्या मुलीचा मंगळवारचा पीसीव्ही ३६ होता आणि शुक्रवारी ४४ झाला, तर ती वाढ २० टक्क्यांहून जास्त आहे. त्याच रिपोर्टात प्लेटलेट १ लाख ६० हजारांवरून ७० हजारांवर आलेल्या असतील, पण डॉक्टरांची नजर आधी त्या ४४ वर जाईल. म्हणून पहिला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, फेकू नका. तुलनेला तोच लागतो.

प्लेटलेट का पडतात? विषाणूमुळे अस्थिमज्जा काही दिवस कमी प्लेटलेट बनवते, आणि ज्या असतात त्या शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराच्या धुमश्चक्रीत नष्ट होतात, वापरल्या जातात. आजार ओसरला की मज्जा आपोआप कामाला लागते. म्हणूनच रक्तस्राव नसताना नुसता आकडा कमी दिसला म्हणून प्लेटलेट चढवल्याने सहसा फायदा होत नाही. पपईच्या पानांचा रस झिरपणं थांबवत नाही. आधीच मळमळणाऱ्या मुलाला त्या कडू रसाने उलटी झाली, तर पोटातलं पाणीही जातं.

शुक्रवार-शनिवारची रात्र दोघांनी वाटून जागा. पोटात सतत दुखणं, उलट्या थांबत नाहीत, नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शी, विलक्षण सुस्ती किंवा उगाच चिडचिड, धाप, गार पडलेले हातपाय: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघायचं. मूल शुद्धीवर आहे, बोलतंय, म्हणून थांबू नका. मुलांचा रक्तदाब बराच वेळ टिकतो आणि मग एकदम कोसळतो. त्यासाठी मुलांचा विभाग आणि रात्रीही चालू असणारी लॅब असलेलं हॉस्पिटल गुरुवारीच ठरवून ठेवा. पिशवीत वही, सगळे रिपोर्ट आणि दिलेल्या औषधांची नावं. एक वर्षाखालचं बाळ, लठ्ठ मूल किंवा आधी डेंग्यू झालेलं मूल असेल, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना तसं सांगा.

मुलाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि तापातल्या मुलाला चावलेला डास तोच विषाणू पुढे घरातल्या इतरांपर्यंत नेतो.

नंतर भूक परतते, लघवी भरपूर होते, हातापायांवर खाज सुटणारं लाल पुरळ येऊन मधेमधे पांढरे ठिपके दिसतात. झिरपलेलं पाणी आता रक्तात परत येत असतं, म्हणून डॉक्टर सलाईन कमी करतात किंवा बंद करतात. "अशक्त आहे, अजून एक बाटली लावा" असा आग्रह इथे धरू नका. जादा पाणी फुप्फुसात साठून धाप लागू शकते.