विमानाचे तिकीट रद्द केल्यावर कोणते कर परत मिळतात आणि ते कसे मागावेत

‘नॉन-रिफंडेबल’ असा शिक्का असलेले तिकीट रद्द करायची वेळ आली की बरेच जण सगळे पैसे बुडाले असे धरून चालतात. बुडते ते मुख्यतः भाडे. त्याच तिकिटात विमानतळासाठी आणि सरकारसाठी गोळा केलेले पैसेही असतात, आणि त्यातला बराचसा भाग तुम्ही प्रवास केला तरच द्यायचा असतो. तो मागून घ्यावा.

रद्द करण्याआधी ई-तिकिटाची पावती उघडा. बँकेचा मेसेज पुरत नाही, कारण त्यात फक्त एकूण रक्कम दिसते. पावतीत मूळ भाड्याखाली दोन अक्षरी कोड आणि त्यांपुढे रकमा असतात. त्यांत YQ किंवा YR दिसले तर सावध व्हा. हे रकाने करांच्या यादीत बसवलेले असले तरी ते कर नव्हेत. इंधन अधिभारासारखे हे पैसे विमान कंपनी स्वतःसाठी घेते, म्हणून ते बहुधा भाड्याबरोबरच जातात.

उरलेल्या रकमांचे दोन गट पाडा. पहिला गट प्रवाशामागे ठरावीक आकारल्या जाणाऱ्या रकमांचा: विमानतळ वापर शुल्क, सुरक्षा शुल्क वगैरे. तुम्ही विमानात बसलाच नाहीत, तर सहसा हे पैसे कंपनीला पुढे भरावे लागत नाहीत. म्हणून ते परत मिळण्याची शक्यता सर्वात जास्त. दुसरा गट भाड्यावर टक्केवारीने लागणाऱ्या कराचा. हा कर भाड्याच्या मागे मागे जातो. भाडे परत मिळाले तर त्यावरचा कर मिळतो, कंपनीने भाडे ठेवून घेतले तर कर सहसा मिळत नाही. ‘सगळे कर परत द्या’ अशी सरसकट मागणी अडते ती इथेच.

एक हिशेब करू. समजा, तुम्ही एकूण १०,००० भरले. मूळ भाडे ६,५००, YQ १,२००, या दोहोंवर ५ टक्के कर म्हणजे ३८५, विमानतळ आणि सुरक्षा शुल्क मिळून १,५१५, आणि तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळाचे सुविधा शुल्क ४००. भाडे अजिबात परत न मिळणारे असेल तर ६,५००, १,२०० आणि ३८५ गेले, पण १,५१५ मागता येतात. रद्द करताना पडद्यावर ‘परतावा शून्य’ दिसत असेल, तर तो आकडा मान्य करू नका. मधल्या एजंटने रद्द करण्याची वेगळी फी लावली असेल तर ती यातून वजा होते, हे मात्र आधी तपासा.

आता ते ४०० का येत नाहीत? सुविधा शुल्क हे प्रवासाचे नसून बुकिंग करून दिल्याचे शुल्क आहे. तिकीट तुमच्या हाती पडले की विक्रेत्याच्या लेखी ते काम संपते. शिवाय पैसे स्वीकारताना कार्ड किंवा पेमेंट गेटवेचा जो खर्च विक्रेत्याला आला, तो व्यवहार उलटला तरी त्याला परत मिळेलच असे नसते. बऱ्याचदा ही रक्कम तिकिटावर नसतेच, विक्रेत्याच्या वेगळ्या पावतीवर असते. मग विमान कंपनीकडे तिची नोंदच नसते.

उड्डाण कंपनीनेच रद्द केले तर गोष्ट वेगळी. तेव्हा सुविधा शुल्कही जरूर मागा. युरोपियन संघाच्या न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले की अशा परताव्यात मध्यस्थाचे कमिशनही धरायचे, फक्त ते कंपनीच्या नकळत ठरवलेले असेल तर नाही.

देशोदेशी नियम वेगळे आहेत, म्हणून तिकिटाला कोणता नियम लागू आहे ते बघा. भारतात विमान वाहतुकीची नियामक संस्था असलेल्या डीजीसीएच्या नियमानुसार वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्के सवलतीच्या, परतावा नसलेल्या तिकिटावरही परत करावी लागतात, आणि रद्द करण्याचा आकार मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांच्यापेक्षा जास्त असू शकत नाही. अमेरिकेत न वापरलेल्या प्रवासाचे ‘११ सप्टेंबर सुरक्षा शुल्क’ या नावाचे शुल्क परत मागता येते, पण भाड्यावरचा ७.५ टक्के कर भाड्याबरोबरच राहतो.

तिकीट उड्डाणाच्या वेळेआधी रद्द करा. नुसते गैरहजर राहिलात तर काही भाड्यांची उरलेली किंमतही संपते. जाण्याचा प्रवास झाला असेल तर फक्त न वापरलेल्या टप्प्याची शुल्के मिळतील. अर्ज जिथून तिकीट घेतले तिथेच करायचा असतो. त्यात पीएनआर, तिकीट क्रमांक आणि कोडनिहाय रकमा लिहा: ‘न वापरलेल्या प्रवासाची विमानतळ आणि सुरक्षा शुल्के, एकूण १,५१५, परत करावीत.’

पैसे अडकले तर आधी विमान कंपनीला विचारा की परतावा कोणत्या तारखेला, किती रकमेचा आणि कोणाकडे दिला. एजंटकडे दिल्याचे उत्तर लेखी मिळाले की तेच पत्र एजंटला पाठवा. एजंटने कार्डावर पैसे पाठवल्याचे सांगितले, तर व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागून घ्या आणि तो बँकेला द्या.