मैत्रीण मैत्रिणीची तक्रार सांगते तेव्हा उत्तरातल्या या चुका टाळा

समजा, शनिवारी रात्री इंदुरात रेवती आणि मानसीचं (नावं सोयीपुरती) सराफ्यात खायला जायचं ठरलेलं. रेवती राजवाड्यापाशी पोचून तासभर थांबली, तेव्हा कुठे मानसीचा मेसेज आला, "डोकं दुखतंय गं, आज नको." सव्वादहाला मानसीच्या स्टेटसवर छप्पन दुकान या दुसऱ्या खाऊगल्लीतला फोटो, ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर. दोघीही तुमच्या जवळच्या. रेवती तुम्हाला लिहिते, "बघितलंस? मी इथे तासभर ताटकळत उभी आणि बाईसाहेब तिकडे! मी काय वेडी आहे का?"

पहिली चूक सगळ्यात सोज्वळ दिसते: "अगं, तिची काहीतरी अडचण असेल." तुम्ही समेट करायला जाता, पण रेवतीच्या कानाला ही मानसीची वकिली वाटते. मग ती गप्प बसत नाही, पुरावे वाढवते. मागच्या दिवाळीचं काढते, वाढदिवसाचं काढते. तुमच्या एका वाक्यानंतर तक्रार लांबत चालली, तर समजावं की आपण नकळत दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो आहोत. अडचण खरीही असेल, पण ती सांगायचं काम मानसीचं.

उलटी चूक म्हणजे "ती आहेच तशी." त्या क्षणी रेवतीला बरं वाटतं. पण आठवड्याभरात दोघी पुन्हा एकत्र पोहे-जिलेबी खात असतात आणि तुमचं वाक्य तेवढं मागे उरतं, कधी कधी स्क्रीनशॉटसकट. म्हणून पाठवण्याआधी एवढंच पाहा: हाच मेसेज मानसीने वाचला तर चालेल का? नसेल चालणार, तर पुसा.

तिसरी चूक इंदुरात फार होते: "जाने दे ना यार." किंवा नुसता हात जोडलेला इमोजी. कोरडेपणा येतो तो इथून. बाजू घ्यायची नाही म्हणून माणूस काहीच घेत नाही, रेवतीचं दुःखसुद्धा. "मला तुमच्या दोघींच्या मध्ये घेऊ नका" हेही त्याच जातीचं. पहिल्याच उत्तरात ते दार आपटल्यासारखं लागतं.

यातून वाट अशी की मत द्यायचं ते रेवतीवर काय गुदरलं त्यावर, मानसी कशी आहे त्यावर नाही. तासभर एकटीने उभं राहणं वाईटच, हे म्हणायला मानसीला दोषी ठरवावं लागत नाही. उत्तर तीन छोट्या वाक्यांत बसतं. आधी तिनेच सांगितलेला तपशील तिच्यासमोर पुन्हा मांडा, मग तो कसा लागला असेल ते म्हणा, आणि शेवटी एकच प्रश्न विचारा.

"तासभर राजवाड्यावर एकटी उभी होतीस? आणि वर तो फोटो दिसला, म्हणजे चांगलंच लागलं असणार. घरी पोचलीस का नीट?"

पहिल्या वाक्यात "तासभर" आणि "एकटी" हे महत्त्वाचं. नुसतं "अरेरे, वाईट झालं" कुणालाही लिहिता येतं. तपशील आला की तुम्ही वाचलंत हे कळतं. "फोटो दिसला" म्हटलंय, "तिने खोटं सांगितलं" नाही, कारण डोकं खरंच दुखत होतं की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही. आणि प्रश्न रेवतीबद्दलचा आहे. "मग ती काय म्हणाली?" असं विचारलंत, तर पुढचा अर्धा तास मानसीवरच जाईल.

रात्री एवढंच पुरे. सल्ला दुसऱ्या दिवशी, तोही विचारून: "तिच्याशी बोलायचंय तुला, की नुसतं मोकळं व्हायचं होतं?" बोलायचं असेल तर वाक्य जुळवायला मदत करा, "मी वाट बघत होते आणि फोटो बघून वाईट वाटलं," इतपत. तिचा निरोप मात्र स्वतः घेऊन जाऊ नका. निरोप्याच्या तोंडी शब्द बदलतात आणि दोन्हीकडचा राग त्याच्यावर निघतो.

रेवती थेट अडवेल: "तूच सांग, चूक कुणाची?" इथे टाळाटाळ केली की पोकळ वाटतं. सरळ लिहा, "तुला ताटकळत ठेवायला नको होतं, हे खरंच. तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, आणि तिच्या मागे अंदाज करणं मला जमणार नाही." कृतीपुरतं मत दिलं, माणसाबद्दलचं राखलं. हे तिसऱ्या-चौथ्या मेसेजला शोभतं. पहिल्यालाच पाठवलं तर भाषण होतं.

गोष्ट उसने पैसे बुडवण्याची, धमकीची किंवा खाजगी फोटो पसरवण्याची असेल, तर मात्र हे मधलं धोरण सोडा. तिथे तटस्थ राहणं म्हणजे त्रास देणाऱ्याला मोकळं रान.

आणि दुसऱ्या दिवशी मानसीचा फोन येणारच: "रेवती काही म्हणाली का गं?" "नाही" म्हणाल तर खोटं, सगळं सांगाल तर चुगली. "हो, बोलली. पण ते तिच्याकडूनच ऐक, आजच फोन कर तिला," एवढं पुरतं.