हळदीच्या पिवळ्या रंगाची पोस्ट लिहिताना

रंगपंचमीनंतर हर्बल रंगवाल्यांकडे हमखास येणारी तक्रार: “तुमचा पिवळा रंग साबण लावल्यावर लाल झाला, नक्की केमिकल आहे!” हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीशी गाठ पडली की तांबडं होतं आणि कपड्याचा साबण अल्कलीच असतो. हे विक्रीआधीच पोस्टमध्ये सांगा. छोटा व्हिडिओ उत्तम: ओल्या रंगावर साबणाचं पाणी टाका, तो लालसर होईल, वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. मात्र यावरून रंगात हळद आहे एवढंच कळतं. सोबत दुसरा रंग मिसळलेला नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही, तसा दावा करू नका.

हळद आणि चुन्याचा लाल रंग विकत असाल तर चुन्याचा उल्लेख टाळू नका. चुना जास्त झाला की त्वचा चुरचुरते, डोळ्यात गेला तर इजा होते. मी तरी तो लाल रंग गालाला लावायला देणार नाही.

घटक साधेपणाने लिहा: “कॉर्नफ्लोअर, हळद. सुगंध घातलेला नाही.” सुगंध असेल तर तोही लिहा, कारण अनेकांना त्याचीच ॲलर्जी असते. “शंभर टक्के सुरक्षित” मात्र नको. हळदीनेही काहींना पुरळ येतं. त्याऐवजी लिहा: “कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर ओला रंग लावा, दोन दिवस लक्ष ठेवा. खाज किंवा लाली आली तर वापरू नका. जखम, इसब असलेल्या जागी लावू नका.”