पडलेल्या पानावरून झाड कसे ओळखावे: पळसापासून सुरुवात

फेब्रुवारीत टेकडीवर फिरताना तळहाताहून मोठे, जाड, चामड्यासारखे एक पान सापडते. आजूबाजूला साग आहे, म्हणून आपण ते सागाचे समजून पुढे जातो. मी कित्येक वर्षे असाच फसलो. चूक कशात होती हे कळल्यापासून कडा किंवा शिरा बघण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: हातात आहे ते अख्खे पान आहे, की पानाचा एक तुकडा?

काही झाडांचे एक पान अनेक पर्णिकांचे बनलेले असते आणि त्या पर्णिका सुट्या सुट्याही गळतात. झाडावर पाहता आले तर खात्री सोपी असते. माळी ज्याला डोळा म्हणतात तो बारीक कोंब पानाचा देठ फांदीला चिकटतो त्या बगलेत असतो, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसतो. जमिनीवर मात्र डोळा सापडणार नाही, म्हणून पानाचा तळ बघा. पान उलटे करून मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू देठाजवळ कुठे सुरू होतात ते तपासा. एक बाजू जास्त रुंद आणि दुसरी अरुंद, म्हणजे तळ तिरका असेल, तर ती बाजूची पर्णिका असण्याचा संभव मोठा. बोरासारख्या काही साध्या पानांचाही तळ थोडा तिरका असतो, त्यामुळे एवढ्यावरच निकाल देऊ नका.

टेकडीवरच्या आपल्या पानाचा तळ तिरका होता आणि देठ जेमतेम बोटाच्या पेराएवढा, फुगीर. आता आसपास शोधा. थोड्या अंतरावर तसेच दुसरे पान मिळाले, पण त्याची रुंद बाजू उलट्या अंगाला होती. तिसरे त्या दोघांहून मोठे, दोन्ही बाजूंनी सारखे, टोकाला बोथट किंवा किंचित खाच पडलेले. ही डावी, उजवी आणि मधली अशी तीन झाली. ‘कुठेही जा, पळसाला पाने तीनच’ ही म्हण सगळ्यांना पाठ असते, पण ती तीन पाने नव्हेत, एका पानाच्या तीन पर्णिका आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही.

पण तीन पर्णिकांची झाडे आणखीही आहेत, आणि इथे कडा आणि शिरा कामाला येतात. कडेवरून बोट फिरवा. पळसाची कड सलग लागते. बेलाच्या कडेला अगदी उथळ, गोलसर दाते असतात. ते बोटापेक्षा डोळ्यांना नीट दिसतात. बेलाची पर्णिका उन्हासमोर धरली तर तेलाच्या ग्रंथींचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, शिवाय मधल्या पर्णिकेचा देठ बाजूच्यांपेक्षा बराच लांब असतो. पांगाऱ्याची कड पळसासारखीच सलग, म्हणून तिथे कड उपयोगाची नाही. त्याची मधली पर्णिका पातळ, रुंद त्रिकोणी आणि टोकदार असते. पळसाची जाड असते, खालच्या बाजूने शिरा ठळक उठलेल्या आणि त्यांच्यामधल्या बारीक जाळीवर मऊ लव असते. लव वाळल्यावरही बोटाला जाणवते, मात्र जुन्या, पावसात भिजून कुजलेल्या पानावर ती शोधू नका.

कड झाड नाकारायला जास्त उपयोगी असते, ठरवायला कमी. हातातल्या पानाला करवतीसारखे दाते असतील तर पळस नक्की नाही; पण सलग कड तर आंबा, जांभूळ, पिंपळ अशा शेकडो झाडांना असते.

उरते मांडणी. पानावरून ती कळत नाही, त्यासाठी पडलेली डहाळी हवी. पान गळले की देठाच्या जागी एक खूण राहते. सागाच्या डहाळीवर या खुणा समोरासमोर, जोडीने दिसतात आणि कोवळी डहाळी चौकोनी असते. पळसाच्या खुणा एकाआड एक असतात. सातविणीच्या तर एकाच पेरावर चार ते सात वर्तुळात येतात. त्यामुळे साग की पळस हा घोळ पाने पूर्ण कुजली असली, तरी डहाळीवरून मिटतो. माझ्या पहिल्या फसवणुकीतही डहाळी पायाशीच पडलेली होती, मी वाकलो मात्र नाही.

दोन अडचणी राहतात. वाऱ्याने पान दुसरीकडून आलेले असू शकते, म्हणून एका पानावर विसंबू नका. एकाच झाडाखाली तसलीच बरीच पाने हवीत. आणि पळसवेल ही पळसाचीच नातलग वेल, तिलाही तीनच पर्णिका, पळसाहून मोठ्या. सगळे जुळले तरी मान वर करून खोड आहे की वेलीचा विळखा, एवढे बघून घ्या.