या चुका टाळा: आवडत्या लेखिकेच्या पडत्या कादंबरीवर लिहिताना

पार्ल्यातल्या आमच्या वाचनालयाच्या त्रैमासिकासाठी येणारी परीक्षणं मी बारा वर्षं तपासते आहे. अगाथा ख्रिस्तीच्या ‘पोस्टर्न ऑफ फेट’वर आजवर चार आली. त्यातली तीन मी परत पाठवली आणि चौथं छापलं, त्याचा पश्चात्ताप अजून होतो. १९७३ची ही कादंबरी बाईंनी ऐंशी ओलांडल्यावर लिहिली. त्यांनी लिहिलेली ती शेवटची, आणि फसलेली. तसं स्पष्ट लिहायलाच हवं, पण लिहिणारे पुन्हा पुन्हा त्याच जागी घसरतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रकाशनाचं साल हेच लेखनाचं साल धरणं. छापलेल्या त्या परीक्षणात शेवट असा होता की, १९७३ला बाई ढासळल्या, पण दोनच वर्षांत ‘कर्टन’ लिहून त्यांनी झोकात पुनरागमन केलं. मला तो शेवट आवडला होता. अंक निघाला आणि चौथ्या दिवशी एक जुने सभासद, गिरगावहून लोकलने येणारे आजोबा, पाच वाजता काउंटरवर उभे राहिले. अंकातल्या त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. “अहो ताई, हे पुस्तक लढाईच्या काळातलं. बाईंनी लिहून तिजोरीत ठेवलेलं, बाहेर काढलं १९७५ला.” त्यांचं बरोबर होतं. पन्नाशीतल्या ख्रिस्तीचं काम आम्ही पंचाऐंशीतल्या ख्रिस्तीच्या नावावर टाकलं होतं, आणि परीक्षणाचा सगळा डोलारा त्यावरच उभा होता. १९७६चं ‘स्लीपिंग मर्डर’सुद्धा असंच आधी लिहून ठेवलेलं. तेव्हापासून लेखकाच्या शेवटच्या दहा वर्षांतल्या प्रत्येक पुस्तकापुढे मी दोन सालं लिहून घेते, लिहिल्याचं आणि छापल्याचं. दुसरं साल पुस्तकातच सापडतं. पहिल्यासाठी चरित्र उघडावं लागतं, आणि नेमका तिथेच नवशिक्यांना कंटाळा येतो.

दुसरी चूक मला जास्त लागते: “वय झालं होतं” एवढं लिहून सुटका करून घेणं. वय हे कारण असेल, पण वाचकाला हवं असतं ते पानावर काय बिघडलंय ते. ‘पोस्टर्न’ची सुरुवातच घ्या. नायिका टपेन्स चिडून “पुस्तकं!” म्हणते. तिचा नवरा टॉमी विचारतो, काय म्हणालीस? ती म्हणते, पुस्तकं म्हणाले. नव्या घरात आलेल्या पुस्तकांचं काय करायचं, यावर हे बोलणं रेंगाळत राहतं. आता याच जोडप्याची पहिली कादंबरी काढा, १९२२ची ‘द सीक्रेट अ‍ॅडव्हर्सरी’. तिथेही सुरुवातीला दोघं फक्त बोलतातच, चहा घेत. पण ते प्रकरण संपेपर्यंत लढाईनंतर दोघांचे खिसे रिकामे आहेत, कुठलंही साहस अंगावर घ्यायची तयारी आहे आणि तशी जाहिरात द्यायचं घाटतंय, एवढं सगळं आपल्याला कळलेलं असतं. बोलका संवाद हीच बाईंची ताकद होती, आणि ‘पोस्टर्न’मध्ये नेमकी तीच निसटली. हे दाखवलंत की जुन्या कामाचा मान आपोआप राखला जातो. सुरुवातीला हारतुरे घालणारा वेगळा परिच्छेद लागत नाही, मी तो सरळ कापते.

माझी सवय अशी: प्रत्येक संवादानंतर वहीत एकच ओळ लिहायची, आता नवीन काय कळलं. ‘पोस्टर्न’ वाचताना माझ्या वहीत ओळीमागून ओळ कोरी राहिली. पण एका जागी मी अख्खं पान भरलं. जुन्या ‘द ब्लॅक अ‍ॅरो’च्या प्रतीत कुणीतरी काही अक्षरांखाली लाल शाईने खुणा केल्यात. टपेन्स ती अक्षरं जुळवते आणि वाक्य तयार होतं: मेरी जॉर्डनचा मृत्यू नैसर्गिक नव्हता, आमच्यातल्याच कुणीतरी हे केलं. इथे जुनी ख्रिस्ती जशीच्या तशी भेटते. तुमच्या परीक्षणात ही जागा नसेल, तर तुम्ही पुस्तक नीट वाचलेलं नाही असंच मी धरते. पुढे मात्र हा धागा गावकऱ्यांच्या ऐकीव आठवणींत विरत जातो, आणि म्हातारा माळी आयझॅक मारला जातो तेव्हाही कथेला वेग येत नाही.

आजाराचं निदान करू नका. टोरोंटोच्या संशोधकांनी २००९मध्ये बाईंच्या उत्तरकाळातल्या कादंबऱ्यांत शब्दसंपदा आटल्याचं मोजून दाखवलं आणि स्मृतिभ्रंशाची शक्यता मांडली. ती शक्यताच आहे. त्यांच्या हयातीत कुणा डॉक्टरने तसं निदान केल्याची नोंद नाही.

बाईंच्याच गाजलेल्या ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’शी तुलना नको, तो वेगळ्या जातीचा कोडं-खेळ आहे. टॉमी-टपेन्सची तुलना टॉमी-टपेन्सशीच करा. १९४१ची ‘एन ऑर एम?’ आमच्या कपाटात आहे.

आणि सारांश वाचून लिहू नका. असं परीक्षण तिसऱ्या ओळीत ओळखू येतं, कारण त्यात खून असतो, गुन्हेगार असतो, पण घरातला तो कुत्रा हॅनिबल कधीच नसतो.