पिकरचं अप्रेझल करताना या चुका टाळा (चारही मार्क बरोबर असून निकाल चुकीचा लागतो तो असा)

भिवंडीच्या एका इलेक्ट्रिकल मालाच्या गोडाऊनमध्ये मी बरीच वर्षं शिफ्ट इनचार्ज म्हणून काढली, स्विच, एमसीबी, वायरची बंडलं, पंखे असा सगळा माल, आणि दर मार्चला पिकर लोकांची, म्हणजे ऑर्डरप्रमाणे रॅकवरून माल काढणाऱ्यांची, अप्रेझल शीट माझ्याकडे यायची. चार रकाने: अचूकता, स्पीड, सेफ्टी, आणि कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी उभं राहायची तयारी. प्रत्येकाला पंचवीस मार्क, बेरीज करायची, सही करायची, झालं. पहिली दोन वर्षं मी तेच केलं आणि त्यात एका चांगल्या माणसाची इन्क्रिमेंट गेली. चूक बेरजेत नव्हती, हे चार रकाने एकमेकांच्या पायात पाय घालतात हे मला कळलंच नव्हतं. जो दुसऱ्याच्या जागी जातो त्याची अचूकता आणि स्पीड दोन्ही घसरतात, म्हणजे चौथ्या रकान्यात त्याला जे मिळतं त्याहून जास्त पहिल्या दोन रकान्यांत कापलं जातं.

नावं देत नाही, एकाला खालचा म्हणतो, एकाला वरचा. खालचा ग्राउंड फ्लोअरला, जिथे फास्ट मूव्हिंग माल हाताच्या उंचीला असतो. वरचा मेझनाईनला, बारीक सारीक माल, छोटे बिन, जिना. जानेवारी ते मार्चचा रिपोर्ट काढला तर दोघांचेही ७५ दिवस आणि रोजचे साधारण ६ तास निव्वळ पिकिंग, म्हणजे ४५० तास. खालच्याने २७,००० लाईन, म्हणजे ऑर्डरमधल्या मालाच्या ओळी, काढल्या आणि ५४ चुका, वरच्याने १८,००० लाईन आणि ९० चुका. तासाला ६० विरुद्ध ४०. शीटवर खालचा हिरो आणि वरचा कामचुकार, आणि मी तसंच लिहून मोकळा झालो.

चूक: टक्के बघणं आणि चूक कोणाची ते न बघणं

पहिलं म्हणजे टक्के लिहूच नका. ९९.८ आणि ९९.५ टक्के वाचून कोणाला काही कळत नाही, दोन्ही छानच वाटतात. हजार लाईनमागे किती चुका ते लिहा, खालचा २ आणि वरचा ५, मग फरक डोळ्यात भरतो आणि तो कुठून आला हे शोधावंसं वाटतं.

मग त्या ९० चुकांची यादी मालाच्या कोडप्रमाणे लावा. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि सगळा खेळ इथेच आहे. वरच्याच्या ९० पैकी ४० चुका एकाच स्विचच्या निघाल्या. ऑर्डरवर १ लिहिलेलं, त्याने एक पीस दिला, कस्टमरला हवा होता दहाचा बॉक्स, कारण सिस्टीमच्या मास्टरमध्ये त्या कोडचं युनिट बॉक्स होतं आणि बिनवरचं लेबल पीसचं. ही चूक मास्टर भरणाऱ्याची, पिकरच्या नावावर कशी? तो एकटाच चुकतोय असं वाटत होतं कारण त्या रांगेत बहुतेक वेळा तोच असायचा.

ओळखायची खूण सोपी आहे: माणूस निष्काळजी असेल तर चुका पसरलेल्या असतात, वेगवेगळे कोड, वेगवेगळे बिन, जास्त करून शिफ्टच्या शेवटी. चुका एकाच कोडवर किंवा एकाच बिनवर गोळा झाल्या असतील तर आधी बिनपाशी जाऊन उभे राहा. बहुतेक वेळा पुट-अवे करणाऱ्याने, म्हणजे आलेला माल बिनमध्ये लावणाऱ्याने, दोन सारखे दिसणारे डबे एकत्र टाकलेले असतात, सहा अँपिअर आणि दहा अँपिअरचा एमसीबी शेजारी शेजारी.

उलटी बाजू पण बघायला हवी, काही चुका रिपोर्टमध्ये येतच नाहीत. हॅन्डहेल्ड स्कॅनरवर शॉर्ट दाबणं, म्हणजे बिनमध्ये माल नाही असं नोंदवणं, ही त्यातली सगळ्यात मोठी. माल मागे सरकलाय, हात घालून काढायला लागेल, तर शॉर्ट दाबलं आणि पुढे गेला. आमच्याकडे चुकीच्या मोजणीत फक्त राँग पिक धरायचे, शॉर्ट नाही. एक आठवडा आम्ही शॉर्ट दाबलेले बिन त्याच दिवशी संध्याकाळी मोजले तर बऱ्याच ठिकाणी माल तिथेच होता. दुसरी गोष्ट, काही जण बिनचे बारकोड कागदावर चिकटवून खिशात ठेवतात आणि जागेवर न जाताच स्कॅन मारतात. स्कॅनच्या वेळा काढून बघा, दोन लांबच्या बिनचे स्कॅन दोन सेकंदांच्या फरकाने असतील तर माणूस तिथे गेलेलाच नाही. पण लगेच ओरडू नका, आधी विचारा, कधी कधी बिनवरचं लेबल फाटलेलं असतं आणि चार वेळा सांगूनही कोणी बदललेलं नसतं म्हणून त्याने तो उपाय काढलेला असतो.

चूक: खालच्याला आणि वरच्याला एकाच स्पीडने तोलणं

त्या तीन महिन्यांत ग्राउंडच्या सगळ्या पिकरची सरासरी तासाला ६२ लाईन होती आणि मेझनाईनची ३७. म्हणजे ६० वाला खालचा आपल्या मजल्याच्या सरासरीपेक्षा किंचित मागे आणि ४० वाला वरचा पुढे! पूर्ण चित्र उलटं. स्पीड नेहमी त्याच झोनच्या लोकांशी लावायचा, आणि रिप्लेनिशमेंट, म्हणजे रिकाम्या बिनमध्ये भरायचा माल, आलं नाही म्हणून उभं राहिलेला वेळ वजा करायचा. आमच्या सिस्टीममध्ये तो वेळ वेगळा दिसत नव्हता म्हणून शिफ्ट लीडरकडून वहीत लिहून घ्यायचो, थांबलो किती ते किती आणि कशासाठी. झोन फिरवता येत असतील तर उत्तमच, पण नसतील फिरवत तर दोन झोनची तुलना निदान करू नका.

चूक: मदतीला गेलेल्या दिवसांचे आकडे त्याच्याच डोक्यावर मारणं

ही माझी मोठी चूक. त्या ७५ दिवसांपैकी ९ दिवस वरचा केबल सेक्शनला होता कारण तिथला माणूस गावाला गेलेला. केबलचं काम त्याला नवीन, मीटर मोजायचे, ड्रम फिरवायचा, तिथे त्याने ५४ तासांत १,८०० लाईन काढल्या, म्हणजे तासाला ३३, आणि १८ चुका, हजारामागे १०. हे सगळं त्याच्या वर्षाच्या हिशोबात मिसळलं गेलं.

आता वेगळं करून बघू. एकूण ९० मधून मास्टरच्या ४० काढल्या, राहिल्या ५०. त्यातल्या केबलच्या १८ काढल्या, राहिल्या ३२. लाईन १८,००० वजा १,८०० म्हणजे १६,२००. हजारामागे जेमतेम २ चुका, म्हणजे खालच्याच्या बरोबरीने. तास ४५० वजा ५४ म्हणजे ३९६, स्पीड तासाला ४१. जो माणूस मी कामचुकार ठरवला तो अचूकतेत बरोबरीचा, आपल्या झोनमध्ये सरासरीच्या पुढे, आणि वर नऊ दिवस दुसऱ्याचं काम ओढलेला. (खालच्याच्या ५४ चुका पण तशाच चाळल्या, त्यात एका कोडवर गोळा झालेलं काही सापडलं नाही. एकाच्याच चुका वजा करायच्या आणि दुसऱ्याच्या तशाच ठेवायच्या हा पण अन्यायच.)

तेव्हापासून हजेरीच्या शीटवर एक खूण सुरू केली, दुसऱ्या झोनला पाठवला की त्या दिवशी गोल करायचा. गोल असलेले दिवस अचूकता आणि स्पीडमध्ये धरायचेच नाहीत, फक्त चौथ्या रकान्यात. हे आधी सगळ्यांना सांगितलं, आणि त्यानंतर नको म्हणणाऱ्यांतले बरेच जण जायला तयार झाले, कारण ते आळशी नव्हतेच, त्यांना आपले आकडे पडायची भीती होती.

चूक: "तयारी" मोजताना कोणाला विचारलं ते विसरणं

खालच्याला तीन महिन्यांत ४ वेळा विचारलं, तो १ वेळा हो म्हणाला. वरचा गोडाऊनपासून पाच मिनिटांवर खोली करून राहायचा म्हणून फोन आधी त्यालाच जायचा. खालचा शहापूरहून यायचा आणि कंपनीची बस सातला सुटली की परत जायची सोय नाही. मग ही तयारी मोजली की घराचं अंतर मोजलं? बायकांच्या बाबतीत तर हे अजून वाईट होतं, रात्रीची गाडी नाही म्हणून थांबता येत नाही आणि शेरा लिहिला जातो "सहकार्य करत नाही".

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करा. चालू शिफ्टमध्ये दुसऱ्या जागी जाणं, हे मोजा, ते सगळ्यांना सारखं शक्य आहे. शिफ्टनंतर थांबणं किंवा सुट्टीच्या दिवशी येणं हा ओव्हरटाइम आहे, त्याचा दुप्पट दराने पैसा द्यायचा असतो, नाही म्हटलं म्हणून मार्क कापायचे नाहीत. आणि मोजताना हो किती वेळा म्हणाला एवढंच लिहू नका, विचारलं किती वेळा तेही शेजारी लिहा.

सारखे तेच दोन तीन जण दुसऱ्यांच्या जागी दिसत असतील तर बाकीच्यांना ते काम शिकवलेलंच नाही असं समजा. केबल सेक्शनला एकच माणूस तयार असणं ही पिकरची चूक नाही, आमची.

चूक: अपघात नाही म्हणजे सेफ्टी पूर्ण मार्क

खालच्याच्या नावावर एकही घटना नव्हती, २५ पैकी २५. वरच्याच्या नावावर तीन, म्हणून कापले. नीट वाचलं तर त्या तीनही त्याने स्वतः कळवलेल्या होत्या: मेझनाईनचं माल चढवायचं गेट उघडं राहिलेलं, रीच ट्रक लागून रॅकचा खांब वाकलेला, आणि जिन्यापाशी पाणी. त्यात कोणाला लागलं नव्हतं कारण त्याने वेळेत सांगितलं. आम्ही सांगणाऱ्यालाच शिक्षा केली. पुढचे पाच महिने निअर मिसची वही कोरी होती आणि मला वाटायचं गोडाऊन सुरक्षित झालं. वही कोरी म्हणजे लोक सांगायचे बंद झालेत, एवढाच अर्थ निघतो.

सवय बघायची तर दहा मिनिटं उभं राहून बघावी लागते, महिन्यातून तीन चार वेळा, वेगवेगळ्या वेळी आणि एकदा तरी शेवटच्या तासाला जेव्हा गाडी लागलेली असते. मी पाचच गोष्टी बघायचो: सेफ्टी शूज, हॅन्ड पॅलेट ट्रकवर पाय ठेवून स्कूटरसारखं जाणं, रॅकच्या बीमवर चढणं, कटरचं ब्लेड उघडं खिशात टाकणं, उचललेल्या फोर्कखालून जाणं. खालचा त्यातल्या दोन सर्रास करायचा, आणि त्याच्या तासाला ६० मधल्या काही लाईन त्यातूनच यायच्या. बीमवर का चढतोस विचारलं तर म्हणाला, "साहेब, शिडी एकच आहे, ती नेहमी पलीकडच्या टोकाला, आणून परत ठेवण्यात पाच मिनिटं जातात, लाईन कोण भरणार?" चौदा रांगांना एक शिडी, त्याचं म्हणणं खरं होतं. मी आधी अजून तीन शिड्या मागवल्या, त्या आल्यानंतरच्या महिन्यापासून बीमवर चढण्याचे मार्क कापायला सुरुवात केली, त्याआधीचे नाही.

शेवटी बसून बोलताना: आमचा फॉर्म इंग्रजीत होता आणि निम्मे लोक वाचू न शकता सही करायचे. फॉर्म बाजूला ठेवा, त्याला कळेल त्या भाषेत चुकांची यादी वाचून दाखवा आणि प्रत्येकीला विचारा, ही तुझी का? वरच्याने त्या स्विचची गोष्ट मला दोन मिनिटांत सांगितली असती, मी विचारलंच नव्हतं. पुढच्या वर्षी विचारलं तेव्हा म्हणाला, "मी तर तेव्हाच शिफ्ट लीडरला बोललो होतो." मास्टर त्या आठवड्यात दुरुस्त झालं. त्याची मागच्या वर्षीची इन्क्रिमेंट मी एचआरकडून परत मागितली, ती मागच्या तारखेपासून मिळाली नाही, पुढच्या पगारापासून मिळाली.